न काढलेला हात

आमच्या खाडीच्या दोन्ही अंगांना माझं एक नाव झालं आहे आणि ते ऐकलं की माझं डोकं उठतं. "नर्सबायन दीड तास हात काढूक नाय," असं लोक सांगतात. लग्नात सांगतात, हळदीकुंकवाला सांगतात, एकदा तर बँकेच्या रांगेत माझ्याच पुढे उभी असलेली बाई मला न ओळखता माझीच गोष्ट मला सांगत होती. मी म्हटलं, "बरां झाला हां, आता पुढे सरक." अजून काय म्हणणार?

मी लीला पाटकर. नर्स. तेव्हा उपकेंद्रात अकरावं वर्ष चालू होतं माझं. तोंडाची फटकळ, हे मला ठाऊक आहे, कुणी सांगायला नको. पण हाताला यश होतं. अकरा वर्षांत पाचशेच्या वर बाळंतपणं केली, घराघरांत जाऊन, आणि तोपर्यंत माझ्या चुकीनं एकही पोर गेलं नव्हतं. हा माझा ताठा होता. ताठाच म्हणायला हवा, दुसरा शब्द नाही त्याला.

शहाऐंशी सालचा जानेवारी. पौष पौर्णिमेचा दिवस. खाडीच्या मधोमध बेट आहे, पंधरा-वीस घरांचं. तिथल्या बाबलीची बायको यशोदा, तिची चौथी खेप. सकाळी कळा सुरू झाल्या म्हणून बाबली होडी घेऊन मला न्यायला आला. होडी महादूची. महादू मला चढवता चढवताच म्हणाला, "बाई, आज उधानाची सुकती आसा. तीन वाजल्यार होडी धक्क्याक लागाची नाय. मगे साताशिवाय पानी नाय. काय ता बघून घेवा."

खाडीवर राहणाऱ्याला हे नवं नाही. पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, बेट आणि आमचा धक्का यांच्यात नुसता चिखल उरतो, मांडीभर. त्यात होडी चालत नाही आणि माणूस तर चालतच नाही. म्हणजे तीन ते सात बेटावरून कुणालाही बाहेर काढायचा मार्ग नाही.

मी पोचले तेव्हा एक वाजला होता. यशोदा पडवीत फेऱ्या मारत होती. तिला तपासलं. पोट मोठं, सैल, पाणी भरपूर. लाकडी नळी लावून पोराचे ठोके मोजले, एकशे चाळीस, छान. आतून पाहिलं, गर्भाशयाचं तोंड तीन बोटं उघडलेलं, पाणमोट, म्हणजे पोराभोवतीची पाण्याची पिशवी, शाबूत, फुगलेली. आणि डोकं वर. चांगलंच वर. बोटांनी ढकललं तर तरंगून बाजूला जात होतं.

चौथ्या खेपेच्या बायकांत असं असतं. कळांनी डोकं सावकाश खाली उतरतं. थांबायचं असतं. किंवा, ज्या गावातून चार तास बाहेर पडता येणार नाही त्या गावात डोकं इतकं वर असलं तर बाईला उचलायचं आणि पाणी आहे तोवर पलीकडे न्यायचं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण पंधरा दिवसांपूर्वी याच बेटावरची एक पहिलटकरीण मी घाबरून पलीकडे नेली होती, आणि ती बया महादूच्या होडीतच मोकळी झाली. सगळ्या गावानं माझी टर उडवली. महादू तर मला बघितलं की होडीचं भाडं दुप्पट सांगायचा, दोघांचं म्हणून. ते मला लागलं होतं. कारण एवढंच.

यशोदाची सासू लक्ष्मी दारात येऊन उभी राहिली. "बाई, न्हेवक होया काय तिका?"

"काय गरज नाय," मी म्हटलं. "चौथा बाळंतपण तिचा. तिनाच्या आत मोकळी करतंय."

हिशेब असा केला की पाणमोट फोडली की कळांना जोर येईल, तासाभरात बाळंत होईल, आणि काही बिघडलंच तर तीनच्या आत न्यायला वेळही राहील. वाटलं, किती विचारानं वागते आहे मी. पावणेदोनला उकळलेला आर्टरीचा चिमटा घेतला आणि कळ नसताना पाणमोट फोडली.

डोकं वर असताना पाणमोट फोडायची नाही. प्रशिक्षणात आमच्या मेट्रननं हे इतक्या वेळा सांगितलं होतं की आम्ही तिची नक्कल करायचो. डोकं खाली बसलेलं असलं की ते बुचासारखं वाट अडवतं. वर असलं की पाण्याचा लोंढा येतो आणि लोंढ्याबरोबर जे हाताशी असेल ते घेऊन येतो.

लोंढा आला. गोधडी, चटई, माझी साडी, सगळं भिजलं. मी लगेच नळी लावली. ठोके ऐंशी. पुढच्या कळेला साठ. मी श्वास धरून परत मोजले. मग हात आत घातला, आणि डोक्याच्या बाजूनं खाली सरकलेली नाळ माझ्या बोटांना लागली. गुळगुळीत, पिळाची, धडधडणारी. एक वेढा पुरा खाली आला होता.

मी तोंडावर काही दाखवलं नाही.

नाळ खाली आली की प्रत्येक कळेला पोराचं डोकं तिला दाबतं, आणि पोराचं रक्त बंद. बाकी काही करायच्या आधी डोकं वर उचलून धरायचं. मी दोन बोटं डोक्याला लावली आणि वर रेटलं. नाळेला धरायचं नाही, चाचपायचं नाही, बाहेर येऊ द्यायची नाही. तिला हात आणि गार वारा लागला तर ती आकसते. ती आतच ऊबेत राहिली पाहिजे.

"यशोदा, पालथी हो. गुडघ्यार. डोक्या खाली टेकव, कुल्ले वर. माझो हात आत आसा, तो तसोच रवतलो. हळू फिर."

ती फिरली. काय झालं म्हणून तिनं विचारलंसुद्धा नाही. लक्ष्मीनं विचारलं. मी सांगितलं, "नाळ आधी इली. पोराक जगवचा आसात तर आत्ताच्या आत्ता पलीकडे. बाबलीक होडी आणूक सांग, आणि एक खाट."

ठोके शंभरावर आले. म्हणजे हात आणि पालथं करणं, दोन्हीचा उपयोग होत होता. तोंड तेव्हा तीन बोटांवरून फार पुढे गेलं नव्हतं. त्या उघडीतून पोर काढता येत नाही. म्हणजे पोट कापूनच, आणि कापणारा डॉक्टर तालुक्याला. होडी वीस मिनिटं, पुढे रस्त्यानं चाळीस.

खाट होडीत घातली. होडी डुलते म्हणून यशोदाला डाव्या कुशीवर निजवलं, कमरेखाली दोन गोधड्या आणि भाताचं अर्धं पोतं सारून कंबर डोक्यापेक्षा उंच केली. मी तिच्या मागे गुडघ्यांवर, उजवा हात आत. वर लक्ष्मीनं एक लुगडं पसरून धरलं. महादू वल्हवत होता, पाठमोरा, मान न वळवता. भाड्याची थट्टा त्याला आठवली असेल की नाही कोण जाणे. मला आठवली.

पलीकडचा धक्का दिसायला लागला तेव्हा होडी खाली घासली. पाणी महादूच्या अंदाजापेक्षा लवकर उतरलं होतं. धक्का पन्नास पावलांवर आणि मध्ये चिखल. बाबली आणि महादू उतरले, धक्क्यावरचे दोघे आले, चौघांनी खाट उचलली. मी ओरडले, "पायाकडची बाजू वर धरा, खांद्यार. डोक्याकडची खाली." मी खाटेबरोबर चिखलातून चालले, गुडघ्याच्या वर रुतत, एक हात खाटेला आणि एक हात तिच्या आत. पायातली एक चप्पल तिथेच गेली. चौघे पुरुष समोर बघून चालत होते, एकानंही मागे वळून पाहिलं नाही. त्या चौघांचे उपकार मी विसरणार नाही.

धक्क्यावर भाईचा मासळीचा टेम्पो उभा होता. भाईनं टोपल्या भराभर खाली फेकल्या. बाबलीला मी पोस्टात पाठवलं, तालुक्याच्या दवाखान्यात फोन लावायला. काय सांगायचं ते घोकून घेतलं त्याच्याकडून: नाळ खाली, पोर जिवंत, ऑपरेशनची तयारी ठेवा.

टेम्पोत बर्फाचं पाणी सांडलेलं, बांगड्याचा वास. यशोदा डाव्या कुशीवर, कमरेखाली तीच गोधडी, तेच पोतं. लक्ष्मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. रस्ता म्हणजे खड्डे. प्रत्येक खड्ड्याला डोकं माझ्या बोटांवर आदळायचं. हात मनगटापासून बधिर झाला होता. मधूनमधून मी एक बोट नाळेच्या जवळ नेऊन बघत होते. चालू होती. शंभर, कधी नव्वद.

दहा मिनिटं झाली असतील. मोठी कळ आली, आणि कळ उतरल्यावर माझ्या लक्षात आलं की बोटांभोवती जी कड होती ती आता लागत नाही. मी बोटं फिरवली. कुठेच नाही. तोंड पूर्ण उघडलं होतं.

आता इथे काय झालं ते नीट सांगते, कारण लोक हेच सांगत नाहीत.

तोंड पूर्ण उघडलं की गणित बदलतं. तोवर डोकं वर धरायचं, कारण पोराला बाहेर यायला वाट नसते. वाट उघडली की सगळ्यात जवळचा रस्ता तोच. चौथी खेप, आधीची तिन्ही पोरं सरळ झालेली, कळा जोराच्या. टेम्पो थांबवायचा, हात काढायचा आणि म्हणायचं, बाय गो, आता ढकल, होता नव्हता तेवढा जोर लाव. चार-पाच कळांत पोर बाहेर येऊ शकलं असतं. नाळ दबली असती खरी, पण पाच-सात मिनिटं. पुढे तर अर्धा तास होता.

हे सगळं मला त्या क्षणी कळत होतं. पुस्तकातल्यासारखं डोळ्यांपुढे होतं. आणि मी घाबरले. डोकं अजून वर होतं. हात काढला आणि ते मध्येच अडकलं तर? पोर माझ्या पुढ्यात, मासळीच्या टेम्पोत, बाबलीच्या आईच्या डोळ्यांदेखत मेलं तर? तासाभरापूर्वी मी घाई केली होती आणि त्या घाईनंच नाळ खाली आणली होती. मनानं घेतलं, आता घाई नाही. आता काही करायचं नाही. धरून ठेवायचं, आणि डॉक्टरच्या हातात द्यायचं.

यशोदा कण्हली. "बाई, माका ढकलूक येता."

"खबरदार," मी म्हटलं. "अजिबात ढकलूचा नाय. तोंड उघडा ठेव, कुत्र्यासारखो दम घे. ढकललंस तर पोर मरात."

हे शब्द माझे. मी म्हटले.

तिनं ऐकलं. दर कळेला लक्ष्मीचा हात घट्ट धरायची, तोंड उघडून धापा टाकायची. एकदा माझ्या बोटांवर डोकं जोरात आलं. मी ओरडले, "यशोदा!" आणि सगळ्या ताकदीनं ते परत वर रेटलं. देवानं एवढं बळ माझ्या हातात त्या दिवशी का दिलं, मी त्याला अजून विचारते.

शेवटच्या मैलात नाळ मंद झाली. सत्तर. मग साठ. मग मध्येच एखादा ठोका चुकायचा.

दवाखान्यात डॉक्टर तेंडोलकर दारातच उभे होते. तरुण माणूस, वर्षभरापूर्वी आलेला. फोन पोचला होता, टेबल तयार होतं, भूल देणारे आलेले होते. त्यांनी माझ्या हाताशेजारून दोन बोटं घालून तपासलं आणि चटकन माझ्याकडे बघितलं.

"सिस्टर, ही पूर्ण उघडली आहे. कधीपासून?"

"आत्ताच झाली असेल, सर," मी म्हटलं. "हात बधिर झाला होता."

त्यांनी नळी लावून ठोके ऐकले, पन्नास-पंचावन्न. "भूल देऊन पोट उघडेपर्यंत वीस मिनिटं जातील. खालूनच काढू. पाय वर घ्या. सिस्टर, हात काढा. बाई, आता जोर करा, पूर्ण जोर."

मी हात काढला. यशोदानं जोर केला. असा जोर मी नंतरही कधी पाहिला नाही. दोन कळांत डोकं इतकं खाली आलं की डॉक्टरांना व्हॅक्यूमची वाटी लावता आली. तिसऱ्या कळेला पोर बाहेर. मी समोरच्या घड्याळाकडे बघत होते. सहा मिनिटं लागली.

मुलगी होती. पांढरी, सैल. छातीला नळी लावली तर कुठेतरी लांब एक ठोका, मग बराच वेळ काही नाही. डॉक्टरांनी तोंड साफ केलं, पिशवीनं हवा दिली, दोन बोटांनी छाती दाबली. पंचवीस मिनिटं. ते थांबले तेव्हा त्यांच्या कपाळावरचा घाम पोरीच्या दुपट्यावर पडला होता. मग मला म्हणाले, "तुम्ही शर्थ केलीत, सिस्टर. दीड तास हात धरून ठेवणं सोपं नाही." बाहेर, मागाहून येऊन पोचलेल्या बाबलीला आणि लक्ष्मीलाही त्यांनी हेच सांगितलं. तिथूनच ते सुरू झालं. मी गप्प बसले. कपडे धुवायच्या मोरीत जाऊन हात धुतला, आणि तिथे बसून खूप रडले. कुणीतरी चहा आणून ठेवला.

अकराव्या दिवशी मला बेटावर जायचंच होतं. बाळंतिणीची तपासणी, नोकरीचा भाग. तीन दिवस आधीपासून मला जेवण जात नव्हतं. महादूनं भाडं घेतलं नाही. लक्ष्मीनं पायावर पाणी घातलं, नारळ दिला, शेजारच्या दोघी मला बघायला आल्या. मला वाटलं, धरणी दुभंगून मला आत घेईल तर बरं.

यशोदा आतल्या खोलीत होती. छातीला फडकं घट्ट बांधलेलं, तरी दुधानं भिजलेलं. तपासलं. ताप नव्हता. गर्भाशय आकसत होतं. मी पिशवी आवरायला लागले तेव्हा ती दाराकडे बघून हळूच म्हणाली, "बाई, एक सांगूचा होता. घरात कोणाक सांगूक नाय मी."

"सांग."

"टेम्पोत तुमी ढकलू नको म्हटलास. पण मी एकदा ढकललंय. मुद्दाम नाय, पण थांबवकव नाय. बरा वाटला म्हणान ढकललंय. तुमी वरडलास तेवा." तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, आवाज मात्र तसाच. "तुमी येवढो हात धरून बसलास आणि मीया पोरगी मारलंय. घोवाक खंयच्या तोंडान सांगू?"

मी पिशवी खाली ठेवली.

गप्प बसले असते तर माझं नाव राहिलं असतं. नोकरी राहिली असती. आणि ही बाई जन्मभर, तिन्ही पोरांना जेवू घालताना, निजताना, उठताना, स्वतःला खुनी समजत राहिली असती. माझे शब्द होते ते. ढकललंस तर पोर मरात.

"यशोदा," मी म्हटलं, "नीट आयक. तू ढकललंस ता बरोबर होता. तोंड तेवा पूर्ण उघडलेला. माका कळलेला. मीच तुका सांगूक होया होता, ढकल म्हणान. मी भियालंय आणि धरून रवलंय. आणि नाळ खाली इली तीय माझ्यामुळे. डोक्या वर आसताना पाणमोट फोडूची नसता, मी फोडलंय. तुझी काय एक चूक नाय. चूक माझी. बाबलीक आणि सासयेक मी आत्ता सांगतंय, तुझ्यासमोर."

वाटलं होतं ती रडेल, मला शिव्या देईल, निदान तिच्या छातीवरचा धोंडा उतरेल. ती माझ्या हाताकडे बघत राहिली. उजव्या.

"म्हणजे," ती म्हणाली, "मी तुमचा आयकूक नसता, आणि तशीच ढकलीत रवली असतंय, तर पोर जगला असता?"

मला खोटं बोलता आलं असतं. अकरा दिवस तेच तर केलं होतं.

"जगला असता कदाचित," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मग पदर सारखा केला, उठली आणि दारातून सासूला हाक मारली, "आत्ये, बाईंका पाणी तरी देवा. आणि ह्यांका बोलवा. बाई काय तरी सांगतत."